तुरटीच्या तीन बरण्या आणि त्यांचे फोटो

तुरटीचे स्फटिक बनवण्याचा प्रयोग पुष्कळ शाळांत होतो, आणि तो साधारण एकाच पद्धतीने होतो. तीन बरण्यांत प्रत्येकी 100 मिलिलिटर पाणी घेतात. एकात 40 अंश सेल्सिअसचं, दुसरीत 50 अंशांचं, तिसरीत 60 अंशांचं. प्रत्येकीत विरघळेल तेवढी कुटलेली तुरटी घालतात, पाणी गाळून घेतात आणि बरण्या वर्गातल्या टेबलावर निवत ठेवतात. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर तिन्हींचे फोटो काढून शेजारी शेजारी लावतात आणि प्रश्न विचारला जातो: कोणतं तापमान सगळ्यांत चांगलं ठरलं?

बहुतेक मुलं 60 अंशांच्या बरणीकडे बोट दाखवतात. त्या फोटोत तळ दिसतच नाही, सगळीकडे पांढरा, चमचमणारा थर असतो. 40 अंशांच्या बरणीत मात्र तळाशी विखुरलेले थोडेसे स्फटिक. उत्तर सोपं वाटतं, म्हणून वहीत लिहिलं जातं: पाणी जितकं गरम, तितके स्फटिक चांगले. हे वाक्य त्या फोटोंवरून सिद्ध होत नाही. का होत नाही, आणि फोटोंवरूनच खरं उत्तर कसं काढता येतं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण याच तीन फोटोंत ते दडलेलं आहे.

बरणीत किती तुरटी होती?

आधी विद्राव्यता पाहू. 100 मिलिलिटर पाण्यात 30 अंशांना सुमारे 17 ग्रॅम तुरटी विरघळते. 40 अंशांना 24 ग्रॅम, 50 अंशांना 36 ग्रॅम आणि 60 अंशांना जवळजवळ 57 ग्रॅम. आकडे सारख्या पावलांनी वाढत नाहीत. वर जावं तशी उडी मोठी होत जाते.

आता वर्गाचं तापमान 30 अंश आहे असं धरू. तिन्ही बरण्या निवून शेवटी 30 अंशांवर आल्या, म्हणजे प्रत्येकीतल्या पाण्यात 17 ग्रॅमच तुरटी विरघळलेली राहणार आणि उरलेली बाहेर पडणार. 40 अंशांच्या बरणीतून 7 ग्रॅम, 50 अंशांच्या बरणीतून 19 ग्रॅम आणि 60 अंशांच्या बरणीतून 40 ग्रॅम. तिसऱ्या फोटोत तळ झाकला गेला तो यामुळे. त्या बरणीत मुळात दुपटीहून जास्त तुरटी घातली होती, आणि निवताना तिच्यातून सहापट जवळ जवळ बाहेर पडली. या प्रयोगात दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या आहेत, पाण्याचं तापमान आणि तुरटीचं प्रमाण. फोटोतला फरक दोघांपैकी कोणामुळे पडला, ते फोटो सांगू शकत नाही.

यात आणखी एक अडचण आहे. फोटो सपाट असतो. त्यात आपल्याला क्षेत्रफळ दिसतं, वजन दिसत नाही. स्फटिकाची कड दुप्पट झाली की फोटोत तो चौपट जागा व्यापतो, पण त्याचं वजन आठपट झालेलं असतं. तुरटीचा स्फटिक नीट वाढला तर अष्टफलक होतो, म्हणजे आठ त्रिकोणी बाजूंचा, दोन पिरॅमिड बुडाशी जोडल्यासारखा. अशा 2 सेंटिमीटर कडेच्या एका स्फटिकाचं वजन साधारण साडेसहा ग्रॅम भरतं. म्हणजे 40 अंशांच्या बरणीतून बाहेर पडलेली सगळी 7 ग्रॅम तुरटी एकाच स्फटिकावर चढली असती, तर हातात 2 सेंटिमीटर कडेचा देखणा स्फटिक आला असता. तीच तुरटी अर्धा सेंटिमीटर कडेच्या दाण्यांत वाटली गेली तर साठहून जास्त दाणे होतात आणि फोटोत ते मोठ्या स्फटिकापेक्षा कितीतरी जास्त जागा भरतात. तुरटी तेवढीच, पण फोटोत भरघोस दिसतो तो दाण्यांचा पसारा.

चांगला म्हणजे कसा, हे आधी ठरवा

फोटो पाहण्याआधी वर्गाने एक गोष्ट ठरवून लिहून ठेवायला हवी: आपण चांगला कशाला म्हणणार? एकूण तुरटी जास्तीत जास्त बाहेर यावी, हा एक निकष होऊ शकतो. कारखान्यात साखर किंवा मीठ बनवणाऱ्याला तोच महत्त्वाचा असतो. पण मग फोटो कशाला, स्फटिक सुकवून तराजूत टाकले की काम झालं. शाळेतल्या प्रयोगात आपल्याला सहसा वेगळं हवं असतं: स्फटिक मोठा असावा, आरपार दिसावा आणि त्याच्या बाजू सरळ असाव्यात.

हे तिन्ही फोटोवरून मोजता येतं. आकारासाठी प्रत्येक बरणीतल्या सगळ्यांत मोठ्या तीन स्फटिकांची सर्वांत लांब कड मोजावी. एकच सर्वांत मोठा घेतला तर एखादा योगायोगाने वाढलेला स्फटिक सगळा निकाल फिरवतो. संख्येसाठी तळाचा ठरावीक चौकोन, समजा 3 सेंटिमीटर बाय 3 सेंटिमीटर, घेऊन त्यातले स्फटिक मोजावेत. पारदर्शकतेसाठी एक साधी युक्ती आहे. स्फटिक बाहेर काढून टिपून घ्यायचा, वर्तमानपत्राच्या छापील ओळीवर ठेवायचा आणि वरून फोटो घ्यायचा. स्फटिकातून अक्षरं ओळखता येतात का, नुसती काळी रेघ दिसते की काहीच दिसत नाही, अशा तीन पायऱ्या पुरतात.

निकष नंतर ठरवले तर डोळा आधी आवडलेल्या फोटोकडे जातो आणि मग त्याला जिंकवणारा निकष सापडतोच. म्हणून क्रम असा: आधी निकष, मग फोटो.

तुलनेला उभा राहणारा फोटो

दोन फोटोंची तुलना करायची तर दोघांत स्फटिकाखेरीज दुसरं काही वेगळं असता कामा नये. शाळेतल्या फोटोंत सगळ्यांत मोठी फसवणूक खुद्द बरणी करते. पाण्याने भरलेली गोल बरणी भिंगासारखी वागते. बरणीच्या मधोमध दोऱ्याला टांगलेला स्फटिक बाहेरून पाहताना सुमारे एक तृतीयांशाने रुंद दिसतो, उंची मात्र आहे तेवढीच दिसते. स्फटिक पलीकडच्या काचेकडे सरकला तर तो आणखी फुगतो. दोन गटांच्या बरण्या वेगळ्या असतील किंवा स्फटिक वेगळ्या जागी लटकत असतील, तर फोटोतल्या मापांना काहीच अर्थ राहत नाही.

म्हणून मापाचा फोटो बरणीबाहेर काढावा. वरचं पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावं, स्फटिक चमच्याने काळ्या कागदावर ठेवावेत, टिपकागदाने टिपावेत आणि शेजारी फूटपट्टी ठेवावी. पट्टी स्फटिकाच्या मध्याच्या उंचीला आली तर उत्तम, खाली वहीचे दोन पुठ्ठे सरकवले की जमतं. पट्टी खूप खाली राहिली तर कॅमेऱ्याला ती लांब वाटते आणि स्फटिक असतो त्याहून मोठा मोजला जातो.

मोबाइल अगदी जवळ नेऊ नये. जवळून घेतलेल्या फोटोत मधलं फुगतं आणि कडा ताणल्या जातात. एक फूट वरून, भिंगाची तोंडं खाली सरळ ठेवून, थोडा झूम करून फोटो घ्यावा. फ्लॅश बंद ठेवावा, कारण ओल्या, गुळगुळीत बाजूवर तो पडला की तिथे पांढरा डाग उमटतो आणि स्फटिक धूसर आहे की नुसता चमकतोय, ते कळत नाही. प्रकाश एका बाजूने, खिडकीतून यावा. प्रत्येक फोटोत बरणीचा क्रमांक आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी असावी, पण तिच्यावर तापमान लिहू नये. ते का, हे पुढे येईल.

कॅमेरा खरोखर सरळ धरला होता का, याची परीक्षा स्फटिकच घेऊ देतो. 1669 मध्ये निकोलस स्टेनो या डेन्मार्कच्या अभ्यासकाने दाखवून दिलं की एकाच पदार्थाचे स्फटिक लहानमोठे, वेडेवाकडे कसेही वाढले, तरी त्यांच्या समान बाजूंमधले कोन बदलत नाहीत. तुरटीच्या अष्टफलकाची त्रिकोणी बाजू वर करून ठेवली, तर तिच्या कडांमधला कोन 60 अंशांचा असतो, आणि कोपरे कापले गेले असतील तर 120 अंशांचा. फोटो कागदावर छापून त्यावर कोनमापक ठेवा. कोन 60 किंवा 120 अंशांच्या जवळपास आला तर फोटो वरून सरळ घेतलेला आहे. 50 किंवा 70 आला तर कॅमेरा कलला होता, आणि त्या फोटोवरून लांबीही मोजू नये.

दुसरी फेरी: तुरटी सारखी, निवण्याचा वेग वेगळा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तापमानाचा परिणाम पाहायचा तर तुरटी प्रत्येक बरणीत सारखीच हवी. म्हणून दुसऱ्या फेरीत तिन्ही बरण्यांसाठी एकच द्रावण करावं. एका मोठ्या भांड्यात 300 मिलिलिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापवून त्यात 72 ग्रॅम तुरटी विरघळवायची, म्हणजे दर 100 मिलिलिटरला 24 ग्रॅम. एवढी तुरटी 40 अंशांनाही कशीबशी विरघळते, पण 60 अंशांना ती पूर्ण विरघळते आणि एकही बारीक कण मागे राहत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण न विरघळलेला प्रत्येक कण निवताना एका नव्या स्फटिकाचं बी होतो. द्रावण गरम असतानाच स्वच्छ सुती फडक्यातून गाळायचं आणि कोमट करून घेतलेल्या तीन सारख्या बरण्यांत ओतायचं. थंड बरणीत ओतलं तर काचेलाच स्फटिक धरतात.

पहिली बरणी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. दुसरी टेबलावर. तिसरी टॉवेलमध्ये गुंडाळून झाकणाच्या थर्माकोलच्या डब्यात. पहिल्या बरणीत थर्मामीटर ठेवून तो 30 अंशांवर येताच बरणी बर्फातून काढून टेबलावर ठेवायची. तशीच बर्फात राहिली तर ती 30 अंशांच्याही खाली जाते आणि तिच्यातून जास्त तुरटी बाहेर पडते. मग पुन्हा दोन गोष्टी एकत्र बदलल्यासारखं होतं. तिन्ही बरण्यांची सुरुवात 60 अंशांना आणि शेवट 30 अंशांना, मधला वेळ तेवढा वेगळा: एकीला काही मिनिटं, दुसरीला एकदोन तास, तिसरीला निम्मा दिवस किंवा जास्त.

फोटो तिन्ही बरण्या पूर्ण निवल्यावरच काढायचे. दोन तासांनी घेतलेल्या फोटोत डब्यातली बरणी रिकामीच दिसेल आणि ती हरली असं वाटेल, पण ती अजून 40 अंशांच्याही वर असते आणि तिच्यातून तुरटी बाहेर पडायला सुरुवातसुद्धा झालेली नसते.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक बरणीत बाहेर पडलेली तुरटी सारखीच, 7 ग्रॅमच्या आसपास असते. फोटो मात्र अगदी वेगळे येतात. बर्फातल्या बरणीत तळाशी रव्यासारखा बारीक थर, एकेक दाणा मोजणं अवघड. टेबलावरच्या बरणीत लहान ते मध्यम स्फटिकांची दाटी, बरेचसे एकमेकांना चिकटलेले. डब्यातल्या बरणीत थोडेच स्फटिक, पण मोठे, सरळ कडांचे आणि अक्षरं वाचता येतील इतके स्वच्छ.

याचं कारण असं. द्रावण निवत जाताना काही काळ त्यात मावते त्यापेक्षा जास्त तुरटी असते. याला अतिसंतृप्त अवस्था म्हणतात. ही जादा तुरटी दोन ठिकाणी जाऊ शकते: आधीच असलेल्या स्फटिकावर थर म्हणून, किंवा नव्या बियांच्या रूपाने. जादा थोडीच असेल तर नवं बी सहज धरत नाही आणि तुरटी जुन्या स्फटिकावरच चढते. जादा खूप झाली की मात्र द्रावणात सगळीकडे एकदम बिया धरतात. झटपट निवलेलं द्रावण या दुसऱ्या अवस्थेत थेट घुसतं. सावकाश निवणाऱ्या द्रावणात जादा तुरटी साचायच्या आतच ती स्फटिकावर चढत जाते. म्हणजे खरा निर्णय पाण्याचं सुरुवातीचं तापमान करत नाही, ते खाली येण्याचा वेग करतो.

हे कळल्यावर पहिल्या फेरीतला 60 अंशांचा फोटोही वाचता येतो. ते द्रावण 60 अंशांनाच काठोकाठ भरलेलं होतं, पहिल्या दहा अंशांतच त्यात 20 ग्रॅमहून अधिक तुरटी जादा झाली, आणि म्हणून असंख्य बिया धरल्या.

फोटोत आणखी काय दिसतं

सवय झाली की फोटोवरून बरणीत काय घडलं तेही सांगता येतं. स्फटिकाचे कोपरे गोलसर झाले असतील, तर तो वाढल्यानंतर पुन्हा विरघळू लागला होता. पत्र्याच्या छताखालच्या वर्गात दुपारी तापमान दोनतीन अंश चढलं तरी पुरतं, कारण तेवढ्यात दर 100 मिलिलिटरला दोनेक ग्रॅम तुरटी परत पाण्यात जाऊ शकते. बाजूंच्या मध्ये खळगे आणि कडा मात्र उठावदार दिसत असतील, तर स्फटिक फार वेगाने वाढला. कोपऱ्यांना तुरटी आधी मिळाली, मध्याला उशिरा. आतून दुधाळ दिसत असेल तर घाईत वाढताना द्रावणाचे थेंब आत अडकले.

पण बाहेरून पांढरी भुकटी धरली असेल तर दोष वाढीचा नाही. तुरटीच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं आणि कोरड्या हवेत ते हळूहळू निघून जातं. म्हणून पारदर्शकतेचा फोटो स्फटिक बाहेर काढल्यावर लगेच घ्यावा. आठवडाभर कपाटात ठेवलेल्या स्फटिकाची ताज्या स्फटिकाशी तुलना करू नये. दोऱ्यावर किंवा बरणीच्या तोंडाशी चढलेलं पांढरं खरखरीत कवचही मोजायचं नाही. ते पाणी उडून गेल्यामुळे झालेलं असतं, निवण्यामुळे नाही.

फोटो आणि तापमान यांची अशी सांगड शास्त्रज्ञांनीही घातली आहे. जपानमधल्या होक्काइडो इथे उकिचिरो नाकाया यांनी 1930 च्या दशकात हिमकणांचे सुमारे 3000 फोटो काढून त्यांचं वर्गीकरण केलं आणि 1936 मध्ये प्रयोगशाळेत, सशाच्या केसाच्या टोकावर, हिमकण वाढवून दाखवला. मग त्यांनी तक्ता मांडला, तो दोन अक्षांचा होता: एका बाजूला तापमान आणि दुसऱ्या बाजूला हवेतल्या जादा बाष्पाचं प्रमाण. तापमान एकच असलं तरी बाष्प किती, यावर हिमकण साध्या चकतीचा होतो की फांद्या फुटलेल्या चांदणीचा, हे बदलतं. शाळेच्या वहीतही हाच तक्ता उपयोगी पडतो. एका बाजूला निवण्याचा वेग, दुसऱ्या बाजूला तुरटीचं प्रमाण आणि प्रत्येक चौकटीत त्या बरणीचा फोटो.

एका बरणीवर विसंबू नये

एक धुळीचा कण, एक धक्का, काचेवरचा एक चरा, यांपैकी कशानेही बिया धरू शकतात. म्हणून प्रत्येक प्रकारच्या किमान तीन बरण्या हव्यात. मोठ्या वर्गात हे सोपं आहे, गट वाटून द्यायचे. समजा, डब्यात ठेवलेल्या तीन बरण्यांतल्या मोठ्या स्फटिकांची कड 9, 12 आणि 14 मिलिमीटर आली आणि टेबलावरच्या तिघींत 5, 6 आणि 8 मिलिमीटर. दोन गटांचे आकडे एकमेकांत मिसळत नाहीत, तेव्हा डब्यातली पद्धत सरस, असं म्हणता येतं. टेबलावरच्या एखाद्या बरणीत 11 मिलिमीटरचा स्फटिक आला असता, तर आणखी बरण्या लावल्याशिवाय निकाल देणं योग्य झालं नसतं.

आणि मोजणाऱ्याला बरणी कोणती ते माहीत नसावं. चिठ्ठीवर तापमान लिहायचं नाही ते यासाठी. एका गटाने फोटो काढावेत, दुसऱ्याने नुसत्या क्रमांकांवरून मोजावेत, आणि यादी शेवटी उघडावी. स्फटिक कुठे संपतो आणि शेजारचा कुठे सुरू होतो, हे ठरवताना नकळत आवडत्या बरणीला झुकतं माप दिलं जातं, आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक तिथेच निर्माण होतो.

प्रयोगाआधी तुरटीही तपासून घ्यावी. किराणा दुकानात मिळणारा पारदर्शक खडा बहुधा चालतो, पण पाणी शुद्धीकरणासाठी विकली जाणारी मळकट पांढरी लादी अनेकदा नुसतं ॲल्युमिनियम सल्फेट असते आणि तिचे असे अष्टफलक होत नाहीत. थोड्या द्रावणाची चाचणी आदल्या दिवशी घेतली की कळतं. पाणी 60 अंशांच्या वर नेण्याचीही गरज नाही. उकळत्या पाण्याने हात भाजण्याचा धोका तेवढा वाढतो.

इतकं केल्यावर वहीत लिहायचं वाक्य बदलतं. तुरटीसाठी, दर 100 मिलिलिटरला 24 ग्रॅम या प्रमाणात, 60 वरून 30 अंशांपर्यंत सावकाश निववलेल्या द्रावणात स्फटिक सगळ्यांत मोठे आणि स्वच्छ झाले. वाक्य लांब आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा फोटोंनी आणि मापांनी तपासलेला आहे. ते मिठाला लागू करू नये. मीठ 20 अंशांना 100 मिलिलिटर पाण्यात 36 ग्रॅम विरघळतं आणि उकळत्या पाण्यातही 39 ग्रॅमच, म्हणून ते निववून जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. मिठासाठी पाणी उडून जाण्याचा वेग बदलून पाहावा लागतो: एक बशी उघडी, एक सच्छिद्र कागदाने झाकलेली, एक झाकणाला बारीक भोक ठेवलेली. निकष, फूटपट्टी आणि क्रमांकाच्या चिठ्ठ्या मात्र त्याच वापरायच्या. मोरचुदाचे निळे स्फटिक तापमानाला तुरटीसारखाच प्रतिसाद देतात, कारण 20 अंशांना 32 ग्रॅम आणि 60 अंशांना 62 ग्रॅम विरघळतात, पण मोरचूद विषारी आहे. तो प्रयोग शिक्षकांनी स्वतः, हातमोजे घालून करावा आणि मुलांच्या हाती फक्त त्याचे फोटो द्यावेत. कोणती बरणी सावकाश निवली होती, हे त्यांना आता नुसत्या फोटोंवरून ओळखता आलं पाहिजे.